आबांच्या फोल्डरमधलं पाणी

माझ्या आणि ह्यांच्या मोबाइलमधले फोटो एकत्र करायचं मीच मनावर घेतलं. दोन्ही मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून सगळं एका हार्ड डिस्कवर घेतलं. वर्षाचं एक फोल्डर, त्याच्या आत प्रसंगाप्रमाणे छोटी फोल्डरं. एकमेकांना पाठवलेल्या दुबार प्रती काढल्या आणि फोटो काढल्याच्या वेळेप्रमाणे लावले.

माझे सासरे, आबा, बारामतीच्या दवाखान्यात वारले, त्या दिवसाचं फोल्डर उघडलं. नाकात नळी घातलेले आबा, सव्वाअकरा. नणंदेला पाठवायला मीच काढलेला. त्याच्या पुढचा फोटो ह्यांच्या मोबाइलमधला, पाण्याचा. अकरा वीस. आमच्या डाळजच्या शेतामागचं धरणाचं पाणी. असे सात.

त्या दिवशी हे फोनवर म्हणाले होते, "कारखान्यावर ट्रॅक्टर अडकलाय, निघतोच." आबांनी तीनदा विचारलं, "आला का?"

मी लॅपटॉप ह्यांच्याकडे वळवला. "हे काय हो?"

हे म्हणाले, "कारखान्यावर गेलोच न्हाय. तितंच बसलो. आबांकडं तसं मला बघवत नव्हतं."

"आणि मला बघवत होतं?"

"ते फोटो दुसरीकडं टाक."

"कुठं टाकू? वेळ तीच आहे!"

रागाच्या भरात ते सातही तिथेच ठेवले. नंतर एकटीने पुन्हा पाहिले. सहा अगदी एकसारखे. सातवा बारा वाजून दहा मिनिटांचा. आबा गेल्याचं मी फोनवर सांगितलं, ते बारा पाचला. तो एकच फोटो हललेला आहे.