न्हाव्याच्या आरशावरची नोटीस

नसीमबी चहा बशीत ओतून पीत. चष्मा असूनही कागद दुसऱ्याकडून वाचून घेत. भांडायचं असलं की आधी पान लावत.

माकणीतलं त्यांचं शेत पुतण्या समद मुखत्यार म्हणून बघायचा. तो ते परस्पर गावातल्याच महारुद्रला विकतोय असं कळलं. नसीमबींनी पान लावलं आणि शेजारच्या माज नावाच्या पोराला घेऊन दुय्यम निबंधक कार्यालय गाठलं. मुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त नोंदवला. वकिलानं समदला आणि महारुद्रला रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली, पेपरातही छापली.

“आता झालं ना, खाला?” माजनं विचारलं.

“समदचे सौदे काय पेपरात होतात व्हय रे? न्हाव्याकडं होतात!”

त्यांनी नोटिशीची प्रत न्हाव्याच्या आरशावर चिकटवायला लावली. समद दाढीला बसला, तर फेसाळ गालाशेजारी स्वतःचंच नाव. बाकावर बसलेला महारुद्र उठत म्हणाला, “पोस्टमननं दिलेलं मला खोटं वाटलं होतं. राम राम!”

शेत वाचलं. माजनं नव्या मुखत्यारपत्राचा मसुदा टाइप करून दिला. “नाव सुचलं की सांगते,” नसीमबी म्हणाल्या. त्या आशेवर समद रोज सकाळी चहा आणू लागला. त्या बशीत ओतून पीत.

परवा त्या गेल्या. मसुद्यातली नावाची जागा अजून कोरीच आहे.