एका वाट्यात एकच मासा

मुरबे गावच्या हंसाचा निबंध पुन्हा खाडीत बुडाला, असं पालघरच्या बाजारात कोळणी म्हणत, आणि हंसा त्यांच्याबरोबर हसत असे. पण मासळीच्या पाटीवरचं फडकं नीट करताना तिचा चेहरा खाली गेलेला असे.

सातवीची फायनल ती बाहेरून देत होती. गणितात पास, इतिहासात पास, मराठीच्या पेपरात मात्र नापास. निबंधाला मार्क नाहीत आणि शेरा एकच: विषयांतर. त्या वर्षांत तारापूरच्या बाजूला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चालू झालं होतं, बोईसरपर्यंत धुळीचे ट्रक धावत होते, बाहेरगावची माणसं बिऱ्हाडं घेऊन येत होती. शाळा वाढणार, बायका-मास्तरणी लागणार, असं जो तो म्हणत होता. फायनल सुटली की ट्रेनिंग कॉलेज, आणि ट्रेनिंग झालं की पाटी डोक्यावरून कायमची खाली. हंसाला हे एवढंच हवं होतं. म्हणजे, एवढंच हवं असं ती मागू शकत होती.

बाकीचं मागण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा जोमा आपली होडी सोडून मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. आधी मुंबईहून निरोप यायचे, मग कुणी तरी त्याला परदेशच्या एका बंदरात पाहिल्याचं सांगितलं, मग तेही थांबलं. घरात हंसा आणि तिची सासू पारू, दोघीच उरल्या. पारूनं घरात एक रीत पाडली होती. दिवा लावताना दर्यावर असलेल्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं नाही तर माणूस घराची दिशा विसरतो, असं ती म्हणे. ही रीत तिच्या आईकडून आली की तिच्या भीतीतून, हे हंसानं कधी विचारलं नाही.

परीक्षेसाठी हंसा घरी निबंध लिहून मोठ्यानं वाचत असे. पारूला अक्षर येत नव्हतं, पण ती जाळं विणता विणता कान देऊन ऐके. प्रत्येक तुकडा संपला की विचारी, "यात जोमाचं लिवलंस?"

"आय, हा बाजाराचा निबंध हाय."

"बाजारात तो येत नव्हता काय? पाट्या कोण उतरवायचा?"

मग हंसा एक ओळ घालत असे. मग आणखी एक. नाव न घेता तुकडा संपवणं म्हणजे दिवा न लावता उंबऱ्यात बसण्यासारखं वाटे. परीक्षेतही तिचा हात तसाच गेला होता.

शेजारच्या माहीम गावचे कृष्णकांत गुरुजी पालघरच्या शाळेत मराठी शिकवत. आपली वाडी, आपली केळी आणि आपलं व्याकरण यांच्याबद्दल त्यांना सारखाच अभिमान. सुट्टीच्या दिवशी ते हंसाकडून बोंबील घेत. एकदा त्यांनीच विचारलं, "काय गं, परीक्षेचं काय झालं?" हंसानं पाटीखालून वही काढली. गुरुजी बाजाराच्या कडेला, पिंपळाच्या पारावर वाचत बसले. बोंबलाची पिशवी गुडघ्याला टांगलेली.

तिसऱ्या परिच्छेदावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं:

"आमच्या बाजारात सकाळपासून गडबड असते. माहीमच्या बैलगाड्यांतून केळीचे घड उतरतात. मुरब्याच्या बायका जागेसाठी भांडतात. पाट्या उतरवायला जोमा यायचा. त्याचा आवाज मोठा होता. त्याला वांग्याची भाजी आवडायची. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की सगळ्यांचे हात भराभर चालू लागतात."

"जोमा कोण?"

"घरधनी."

गुरुजींनी बोट काढून वही मिटली. मग वही तिच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "तू मासळीचा वाटा लावतेस तेव्हा मांदेलीच्या वाट्यात करंदी घालतेस का?"

"घातली तर गिऱ्हाईक हात लावील काय?"

"आणि वर काय ठेवतेस?"

"ज्याचा वाटा, त्यातलाच एक बरा मासा. वरून कळलं पायजे खाली काय हाय ते." ती हसली. "आमच्या शेजारची लाडकी कोळीण वर सरंगा ठेवते आणि खाली कचरा भरते. एकदा फसतं गिऱ्हाईक. दुसऱ्यांदा येत नाय."

"झालं तर. परिच्छेदाचं पहिलं वाक्य म्हणजे वर ठेवलेला मासा. तू वर काय ठेवलंस?"

"गडबड."

"मग खाली सगळी गडबडच हवी. प्रत्येक वाक्य उचल, पहिल्या वाक्याशेजारी धर, आणि विचार, हे गडबडच सांगतं का?"

हंसानं एकेक वाक्य धरलं. केळीचे घड, हो. भांडण, हो. वांग्याची भाजी, नाही. ती स्वतःच हसली आणि ओळ खोडली. मग तिनं डोकं वर केलं.

"पण आवाज मोठा होता, हे राहूद्या गुरुजी. मोठा आवाज म्हणजे गडबडच ना?"

गुरुजी बाजाराकडे पाहत राहिले. लाडकी एका गिऱ्हाइकाला हिंदीत काही तरी सुनावत होती, गाडीवान बैलाला हाकलत होता.

"बाजारात गडबड असते, असं तू लिहिलंस," ते हळू म्हणाले. "असते. तो आवाज आज इथं आहे का?"

हंसानं ऐकलं. खरोखर कान देऊन ऐकलं, जणू कुणी सांगावं की त्या बाजूला, वजनकाट्यापाशी. मग तिनं त्या ओळीवरून पेन्सिल फिरवली. इतकी हलकी, की अक्षरं खालून दिसत राहिली.

पुढच्या आठवड्यात तिनं वही आणली तेव्हा गुरुजी चिडले. खोडायच्या भरात तिनं सगळंच कापलं होतं. गाडीची शिट्टीही नव्हती.

"हे का खोडलंस?"

"शिट्टी स्टेशनात होते. बाजारात नाय."

"अगं, शिट्टीनं हात कुणाचे चालतात? बाजारातल्या बायकांचे. दूरचं दिसतं म्हणून ते भरकटलेलं नसतं. पहिल्या वाक्याला ज्याचा उपयोग, ते आतलं. बाकीचं कितीही जवळचं असो, बाहेरचं."

कितीही जवळचं असो. हे गुरुजी सहज बोलून गेले, पण हंसा घरी परतताना तरीच्या होडीत बसून खाडी ओलांडेपर्यंत तेच घोळवत राहिली. ओहोटी लागली होती. चिखलात होड्या कलंडल्या होत्या. जोमा गेला तेव्हाही पाणी असंच उतरलेलं होतं, आणि त्यानं चिखलातून चालत जाऊन मागं वळून काही तरी म्हटलं होतं. वाऱ्यानं ते तिच्यापर्यंत आलंच नाही. त्यानं काय म्हटलं असेल याची कितीतरी वाक्यं तिनं मनात रचली होती. त्यांतलं एकही कुठल्या परिच्छेदात बसणारं नव्हतं.

घरी तिनं निबंध वाचला. पारूचे हात जाळ्यावर थांबले.

"जोमा?"

"काढला, आय. तो ठेवला तर मी पास होणार नाय."

पारूनं जाळं पुन्हा ओढून घेतलं. संध्याकाळी तिनं दिवा लावला, नाव घेतलं, आणि हंसाकडे पाठ करून म्हणाली, "तू पास हो. मी एकटी घेईन नाव." त्यापुढे कित्येक दिवस तिनं निबंध ऐकले नाहीत. हंसा ओसरीवर वाचायची आणि पारू आत भांडी वाजवत राहायची.

परीक्षेचा दिवस उजाडला. पेपरात बाजार आला नाही. विषय होता: आमच्या गावची संध्याकाळ.

हंसानं विषय पुन्हा वाचला. बाजारात जोमाला बाहेर ठेवता येत होतं. संध्याकाळ तर सगळी त्याचीच होती. तिनं पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. देवळाचा परिच्छेद झाला. मुलांच्या खेळाचा झाला. मग तिनं लिहिलं, "संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागतात." दोर ओढणारे हात आले, ओल्या जाळ्यांचा वास आला, पाट्या घेऊन धावणाऱ्या बायका आल्या. आणि मग हात आपोआप पुढे गेला: "जोमाची होडी सगळ्यांच्या आधी लागायची."

ती थांबली. ओळ उचलून पहिल्या वाक्याशेजारी धरली. होड्या लागतात. लागायची. हा मासा या वाट्यातला नव्हता. तिनं एक सरळ रेघ मारली.

पण पाटीवर वेगळा निघालेला मासा कोळीण फेकून देत नाही. बाजूला ठेवते. तसेच चार निघाले तर त्यांचा निराळा वाटा लावते. हंसा त्या रेघेकडे पाहत राहिली. याचा वाटा लावायचा, तर वर काय ठेवायचं? जोमा येणार आहे? त्याखाली ठेवायला तिच्याजवळ एकही वाक्य नव्हतं. जोमा येणार नाही? तेही तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं वर मांडणं म्हणजे लाडकीचा सरंगा. मग तिला खरोखर ठाऊक होतं ते काय?

नव्या ओळीवर, जरा आत सरकून, तिनं लिहिलं:

"होड्या लागल्यावरही काही माणसं किनाऱ्यावर थांबतात. त्यांच्या हातात पाटी नसते. शेवटची होडी वर ओढली, तरी ती पाण्याकडे तोंड करून उभी राहतात. कुणी हाक मारली, तर वारा खायला आलो, असं सांगतात. अंधार पडल्यावर ती घरी जातात आणि दिवा लावतात."

तिनं प्रत्येक वाक्य धरून पाहिलं. सगळी थांबण्याचीच होती. एकही खोडावं लागलं नाही.

निकाल लागला. ती पास झाली. गुरुजींनी त्या दिवशी बोंबलाबरोबर मांदेलीही घेतली, आणि वाटा नीट उलथून पाहिला. "तुझा वाटा आहे, तरी सवय," म्हणाले. ट्रेनिंगला तिचा नंबर लागला. पुढे बोईसरजवळच्या शाळेत ती मास्तरीण झाली. परगावच्या कामगारांची मुलं शाळेच्या निबंधात मध्येच आपलं सुटलेलं गाव लिहीत, तेव्हा ती ओळीवर काट मारत नसे. ओळीभोवती गोल करून बाजूला लिही: याला स्वतःचं पहिलं वाक्य दे.

पण ते नंतरचं. निकालाच्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पारू उंबऱ्यात बसली होती.

"काय लिवलंस पेपरात? सांग तरी."

हंसाला सगळं तोंडपाठ होतं. तिनं देऊळ म्हटलं, खेळ म्हटला, होड्या म्हटल्या, आणि तो शेवटचा परिच्छेद म्हटला. पारूनं नेहमीसारखं विचारलं, "यात जोमा हाय?"

"नाय, आय."

"मग ही थांबणारी माणसं कोण?"

हंसा तिच्याशेजारी उंबऱ्यात बसली. समोर खाडीचं पाणी काळं होत होतं.

"आपण दोघी."

पारूनं काडेपेटी हंसाच्या हातात दिली आणि म्हणाली, "आज तू लाव." हंसानं दिवा लावला. नाव दोघींनी बरोबरच घेतलं.