राहिलेली तीनशे घरं

सर्वेक्षणाच्या ऑफिसात ताईला सगळे 'भागाकारताई' म्हणत. बावीस वर्षं तिने एकच काम केलं. पैसे इतके, घरं किती बघायची, ते सांगायचं. आणि शेवटी चुकली कुठे? भागाकारातच! पट्टीचा पोहणाराच बुडतो, दुसरं काय.

काम साधं होतं. दवाखान्यापर्यंत चालत जाता येत नाही असा माणूस किती घरांत आहे, ते शोधायचं. आकडा मोठा निघाला तर फिरत्या दवाखान्याची गाडी मंजूर होणार होती. सर्वेक्षणाला मंजूर रक्कम सहा लाख, वर एक पैसा नाही. माहिती गोळा करणाऱ्यांना घरामागे चारशे ठरले होते, घर जवळचं असो की लांबचं. जितकी घरं जास्त, तितका अंदाज पक्का, म्हणून बसतील तेवढी सगळी घ्यायची. ताईने सहा लाखांना चारशेने भागलं. पंधराशे आले. शहराच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी पंधराशे घरं निघाली. सगळ्यांना 'आमचा माणूस येईल' अशी पत्रंही गेली.

पण प्रशिक्षण, छपाई, भाड्याचे टॅब, हे एक लाख वीस हजार कुठे गेले? घरं दहा बघा नाहीतर हजार, हा खर्च ठरलेलाच. तो आधी वजा करायचा, मग उरलेल्याला भागायचं. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची. त्या दुपारी बाबांना घेऊन दवाखान्यात जायची घाई होती, एवढंच.

बाराशे घरं झाली आणि पैसे संपले.

"अहो ताई, वजा करून भागलं तरी बाराशेच येतात," मोठे साहेब हसले. "बसणार होती तेवढीच झाली. मग बिघडलं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

बिघडलं काय! मूळचीच बाराशे काढली असती तर शहराच्या टोकाच्या चढावरच्या वस्तीतलीही त्यात आली असती. आता कोणती राहिली? घरामागे ठरलेले पैसे मिळणारा माणूस आधी जवळची घरं उरकतो, त्यात त्याचा काय दोष? राहिलेली तीनशे म्हणजे जवळजवळ सगळी चढावरची. जिथून दवाखाना सगळ्यात लांब, तीच. पंधराशेऐवजी बाराशे, याने अंदाज जरासा सैल झाला असता, इतकंच. पण ही घरं वगळून आलेला आकडा सरळसरळ खोटा होता. आणि आकडा छोटाच आला होता.

तरी अहवालावर तिने सही केली. हो, केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, प्रत्येक फोनला दचकायची.

आणि एक फोन आलाच. पत्रावर नंबर होता ना.

"बाई, तुमचा माणूस आलाच नाही," पलीकडची बाई म्हणाली. "मी दोन दिवस कामावर गेले नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. म्हटलं, आपला नंबर लागलाय, तर घरी कुणी हवं."

"बघते हं," म्हणून ताईने फोन ठेवला. मग ती तडक साहेबांकडे गेली, अहवाल मागून घेतला आणि पहिल्याच पानावर लिहिलं, 'चूक माझी. हा आकडा चढावरच्या वस्तीला लागू नाही.' साहेब म्हणाले, "बढतीवर पाणी सोडलंत, ताई."

बढती गेली चुलीत. गाडी मंजूर करणाऱ्या समितीने वाचलं आणि निर्णय दिला: खात्रीचा आकडा नाही तर गाडी नाही, पुढच्या वर्षी बघू. उरलेल्या तीनशे घरांना लागणार होते एक लाख वीस हजार. बरोबर तेवढेच, जेवढे ती वजा करायला विसरली होती. ते कुणी दिले नाहीत. खरं बोलूनही गाडी गेली ती गेलीच, आणि ताईला स्वतःची इतकी चीड आली की घरी बाबांशीही ती धड बोलेना.

सुट्टीच्या दिवशी ती चढ चढून त्या फोनवाल्या बाईच्या घरी गेली. माफी मागायची, बास, एवढंच ठरवून. हातात ना टॅब ना कागद.

दार उघडणाऱ्या बाईला तिने ऑफिसचं नाव सांगितलं मात्र, बाईचा चेहरा उजळला. "आलात? मला वाटलंच होतं, याल म्हणून!" तिने कपाटातून पत्र काढलं, आत जाऊन सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं, त्यांचे केस नीट केले.

"आई, त्या आल्यात बघा. नीट सांगा हं सगळं." मग ताईकडे वळून म्हणाली, "घ्या, विचारा."

ताई खुर्चीच्या कडेवर बसली. म्हातारी तिच्याकडे बघत होती, उत्तरं द्यायला तयार. तिला विचारायला ताईकडे काहीच नव्हतं.