लेथचं मिनिट

गोंदियात राइस मिलचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशोब बघायची. लेथ मशीन एकच होतं. वेल्डिंगवाले रिकामे बसायचे आणि लेथपुढे कामाचा ढीग पडलेला असायचा.

मालकांचा, म्हणजे आमच्या सेठजींचा, जीव शाफ्टवर. लोखंडाचा खर्च काढून एका शाफ्टमागे नऊशे रुपये सुटायचे, पुलीमागे चारशेच. म्हणून शाफ्ट आधी. पुलीचं गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं.

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सेठजी, शाफ्ट लेथवर पंचेचाळीस मिनिटं खातो, पुली दहाच. लेथच्या एका मिनिटाला शाफ्ट वीस रुपये देतो, पुली चाळीस. पगार तर तेवढेच जाणार. मागणी आहे तेवढ्या पुल्या आधी करा, मग शाफ्ट."

सेठजी तरातरा लेथकडे गेले. मशीन बंद करवलं आणि कारागिरापुढे ओरडू लागले, "नऊशे सोडून चारशेच्या मागे लागू? काय बोलून राहिली ही बाई?"

ते दमेपर्यंत मी घड्याळ बघत उभी राहिले. मग म्हटलं, "पंधरा मिनिटं लेथ बंद. हे भाषण सहाशेला पडलं."

कारागीर आधी हसला, मग सेठजीही. दुसऱ्या दिवसापासून पुल्या आधी लागल्या आणि लेथजवळ सेठजींचं तोंड बंद झालं.

गप्पा मारायला ते माझ्या टेबलाशी येऊन बसू लागले. म्हणाले, "तुमच्यापुढे कुठं ढीग आहे? तुमचं मिनिट फुकट!"

हिशोब बरोबर होता.