हिरव्या शर्टाचा माणूस

लेकीने स्वतः रंगवलेलं कॉमिक या रविवारी मला दाखवलं. तिची आई आता दुसऱ्या नवऱ्यासोबत राहते. तो नेहमी हिरवे शर्ट घालतो. म्हणूनच मी लेकीला कॉमिकचा जुना नियम शिकवला होता: नायक लाल-निळा, खलनायक हिरवा-जांभळा. जळत होतो मी.

चित्रात तो हिरवा-जांभळा होता. माझ्या पाठीवर लाल झगा. मी मनातून सुखावलो. पण शेवटच्या पानावर बुडणाऱ्या मुलीला त्यानेच बाहेर काढलं. मी काठावर झगा सावरत उभा.

“अगं, रंग चुकले का?”

“नाही बाबा. असे रंग दिले की वाचणारा आधी फसतो.”

निळ्या पाण्यात त्याचा हिरवा हात उठून दिसत होता. मुलीने तो घट्ट धरला होता.