सगळ्यात उशिरा पोचणारी गाडी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोरोनात मी ऑक्सिजन सिलिंडरच्या गाड्या कुठून कुठे पाठवायच्या ते ठरवायचो. त्या दिवशी वसईच्या गोदामातला माल शेजारच्या पापडीच्या दवाखान्याला लावला आणि वालीवच्या गोदामातला लांब अर्नाळ्याच्या दवाखान्याला. एकूण भाडं त्यातच सर्वांत कमी होतं.

हाताखालची मुलगी म्हणाली, “काका, आज भाड्याची बेरीज नको. सगळ्यात उशिरा पोचणारी गाडी किती लवकर पोचेल ते बघू या. गोदामांची अदलाबदल केली तर पैसे जास्त जातील, पापडीला थोडा उशीर होईल, पण दोन्हीकडे तासाच्या आत पोचेल.”

“वरचं भाडं तुझे वडील देणार का?” मी हसलो.

ती जागेवर गेली. पापडीचे सिलिंडर उतरले, तरी अर्नाळ्याची गाडी वाटेतच अडकलेली. आता बदलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या बंद ऑफिसात आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. तिचे वडील अर्नाळ्याच्याच दवाखान्यात आहेत, हे तिने तेव्हा सांगितलं. गाडी पोचली, पण ते गेले होते.

परवा गिरीजच्या बाजारात ती समोर आली. मला तिची माफी मागायची होती. “केळी काय भावाने मिळाली?” एवढंच विचारून मी पुढे गेलो.