हॅलोआत्या आणि भिंगरीचा ईमेल

माझ्या आत्याला सगळे हॅलोआत्या म्हणतात. मी म्हणते, माझी मुलगी म्हणते, आणि एकदा तर दवाखान्यातल्या कंपाउंडरनेही तिला याच नावाने हाक मारली होती. तिने उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. लग्न केलं नाही. माझी आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणी घालायला आमच्या घरी आली ती कायमची. आता माझ्या मुलीची वेणी घालते.

लहानपणी शाळा सुटली की मी थेट एक्सचेंजमध्ये जायची. लांबलचक खोली, उंच स्टुलांवर बसलेल्या बायका आणि समोर भोकाभोकांचा भला मोठा बोर्ड. दिवा लागला की आत्या दोरीची पिन भोकात खुपसायची, "नंबर सांगा" म्हणायची आणि दुसरी पिन दुसऱ्या भोकात. तापलेल्या धुळीचा एक वास यायचा तिथे. तो वास मला अजून कुठे आला ना, तर मी आजही रस्त्यात थांबेन. मी तिच्या स्टुलाखाली बसून गृहपाठ करायची आणि वरून येणारा तिचा आवाज ऐकायची. घरी ती एवढी हळू कधीच बोलायची नाही!

तिचा एक नियम होता. आधी विचारायचं, कोण बोलतंय, कुणाशी बोलायचंय. मग जोडायचं. आणि जोडलं की कान काढून घ्यायचा. म्हणजे खरोखर काढायचा. एक बटण वर केलं की बोलणाऱ्यांचा आवाज तिला बंद व्हायचा. बाकीच्या बायका अधूनमधून बटण खाली ठेवून मजा घ्यायच्या, कुणाची सोयरीक मोडली, कुणाचं कुणाशी वाजलं. आत्या नाही. माझ्या बाबांची बदली झाली तो फोन हिच्याच हातून जोडला गेला होता, आणि आम्हाला बातमी कळली शेजाऱ्यांकडून. माझी आजी कपाळावर हात मारून म्हणाली, "घरचं माणूस एक्सचेंजमध्ये, आणि आम्ही ठार बहिरे!" आत्या शांतपणे म्हणाली, "मी ऐकलंच नाही तर सांगू काय?"

हे सगळं आत्ताच आठवायचं कारण म्हणजे माझ्या मुलीचा ईमेल.

माझ्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे वरच्या मजल्यावरची खारूताई. पुढचे दोन दात मोठे, म्हणून हे नाव, आणि ते तिला स्वतःलाच आवडायचं. दोघी बालवाडीपासून एका बाकावर, आणि सकाळी दोघींच्याही वेण्या हॅलोआत्याच घालायची. तर खारूताईच्या वडिलांना परदेशात नोकरी लागली आणि बिऱ्हाड हललं. जाताना जिन्यात दोघी अशा रडल्या की सामान उचलणारी माणसंही ट्रंक खाली ठेवून उभी राहिली. तिकडे गेल्यावर त्यांचे फोन नंबर बदलले. हातात उरला फक्त खारूताईच्या आईचा ईमेल पत्ता.

भिंगरी मागेच लागली. "मला ईमेल काढून दे. मी तिला रोज लिहिणार."

मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. कामावर असताना आमचे फोन कपाटात बंद. आणि दहा वर्षांच्या पोरीला मोकाट ईमेल द्यायचा म्हणजे माझ्या जिवाला घोर. हे म्हणाले, "तू आणि तुझी आत्या ठरवा," आणि पेपरात डोकं घातलं. शेवटी मी मुलांसाठीची एक साधी ईमेल सेवा शोधली आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघी बसलो.

त्यात मुलाचं खातं मोठ्या माणसाच्या खात्याखाली उघडतं. यादीत मी ज्यांचे पत्ते घालीन, त्यांनाच भिंगरी लिहू शकणार आणि त्यांचीच पत्रं तिला थेट मिळणार. यादीबाहेरच्या कुणाचं पत्र आलं तर ते तिच्यापर्यंत न जाता अडकून राहणार, आणि मोठ्या माणसाला सूचना येणार. त्याने बघून परवानगी दिली तर पुढे, नाही तर नाही.

पत्ता ठरवताना पहिलं भांडण झालं. भिंगरीला त्यात शाळेचं नाव, जन्मसाल, सगळं हवं होतं.

"कुंडलीच छाप ना त्यापेक्षा!" मी म्हटलं. "आडनाव नाही, शाळा नाही, साल नाही."

शेवटी भिंगरी आणि एका फुलाचं नाव, यावर तह झाला. यादीत मी, तिचे बाबा, मामा, हॅलोआत्या आणि खारूताईची आई. पासवर्ड तिला आणि मला ठाऊक. यादीकडे बघून भिंगरीने ओठ काढला. "हा तर तुरुंग झाला."

"तुरुंग नाही गं, बोर्ड आहे," आत्या म्हणाली. "अनोळखी माणसाला आम्हीसुद्धा विचारल्याशिवाय जोडत नव्हतो."

सूचना कुणाकडे याव्यात हा प्रश्न आला. आत्या दिवसभर घरी, पेन्शनच्या कागदांसाठी तिचा ईमेल होताच, टॅबलेट तिच्या उशाशी. मी तिचा पत्ता घातला. भिंगरीचा चेहरा पडला. "म्हणजे हॅलोआत्या माझी पत्रं वाचणार?"

आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं एक अक्षर वाचलं तर नाव बदलेन. शब्द दिला."

आणि भिंगरीने त्याच दुपारी पहिलं पत्र धाडलं.

मग सुरू झालं वाट बघणं. शाळेतून आली की दप्तर भिरकावून आधी ईमेलची पेटी उघडायची. मामाचा विनोद असायचा, माझं "दूध पी" असायचं. खारूताईचं काही नसायचं. आठवडा गेला, दुसरा गेला. भिंगरी लिहीतच होती. मग लिहिणं कमी झालं. मग एकदा वेणी घालून घेताना आत्याला म्हणाली, "तिला तिकडे नवीन मैत्रीण मिळाली असणार. मी आता नाही लिहिणार." आवाजात रडू नव्हतं, आणि त्यानेच मला भडभडून आलं. भिंगरी एका जागी बसायला लागली होती हो! तासन्‌तास खिडकीत.

मला संतापही आला. एवढीशी पोर, पण दोन ओळी लिहायला काय जातं? न राहवून मी खारूताईच्या आईला माझ्या खात्यावरून लिहिलं. गोड शब्दांत, पण टोचेल असं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. काम संपवून फोन हातात आल्यावर वाचलं आणि मी लॅबच्या जिन्यातच बसले. खारूताईने तिकडे पोचताच स्वतःचा ईमेल उघडून घेतला होता. भिंगरीची सगळी पत्रं तिला आईच्या खात्यावर वाचायला मिळत होती, आणि ती प्रत्येकाला स्वतःच्या पत्त्यावरून उत्तर देत होती. "तुझी मुलगी लिहिते, पण हिच्या एकाही पत्राचं उत्तर का देत नाही?" असं तिच्या आईनेच मला विचारलं होतं. खाली पोरीचा नवा पत्ता.

हा पत्ता आमच्या यादीत नव्हता. म्हणजे पत्रं अडकली होती. म्हणजे सूचना आल्या होत्या!

मी घरी पोचले ती चपलांसकट आत. "आत्या, भिंगरीच्या पत्रांबद्दल तुझ्याकडे काही आलं होतं का?"

"आलं होतं की," आत्या म्हणाली. "बरंच आलंय."

"मग?"

"मग काय? वर ठळक लिहिलेलं, भिंगरीसाठी पत्र. मी कशी उघडणार? शब्द दिलाय तिला. चुकून बोट लागू नये म्हणून तिच्या नावाचा वेगळा कप्पा करून त्यात जपून ठेवलंय सगळं."

मी डोक्याला हात लावला. "अगं, ती पत्रं नव्हेत! ती तुला विचारतायत, कोण बोलतंय ते बघ आणि जोड! दिवा लागलाय, आत्या, आणि तू बोर्डाकडे पाठ करून बसलीयस!"

आत्याचा चेहरा पांढरा पडला. मी बोलून गेले खरी, पण जीभ चावली. ती उठली, चष्मा घेतला आणि खिडकीतल्या भिंगरीजवळ जाऊन बसली.

"भिंगरे, माझी चूक झाली. तुझी लाइन मी अडवून ठेवली. उघडू का सूचना? तू हो म्हण, तरच."

भिंगरीने 'हो' अशी मान हलवली. आत्याने कप्पा उघडला. प्रत्येक सूचनेत पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. मी म्हटलं, "दाब आता परवानगी."

"थांब," आत्या म्हणाली. "नाव कुणीही सांगेल. तिच्या आईने दिलेला पत्ता वाच, एकेक अक्षर." मी माझ्या फोनवरून वाचला. तिने बोट ठेवून ताडून बघितला आणि मगच पत्ता यादीत घातला. अडकलेली पत्रं सोडली.

भिंगरीच्या पेटीत ती एकामागून एक आली. पोरगी किंचाळली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल! आणि आत्या उठली. चष्मा काढला, टॅबलेट भिंगरीच्या मांडीवर ठेवला आणि खोलीबाहेर निघाली. बटण वर करायची तशीच. स्टुलाखालून हजारदा बघितलेलं ते माझ्या ओळखीचं होतं, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.

"हॅलोआत्या, जाऊ नकोस ना," भिंगरी ओरडली. "यात तुझं आहे!"

"माझं कसं असेल?"

"ऐक तर." भिंगरीने मोठ्याने वाचलं. "हॅलोआत्याला सांग की इथे माझी वेणी कुणालाच तिच्यासारखी येत नाही. आणि तिला विचार, आपली लाइन का लागत नाहीये? तिला सगळं माहीत असतं."

आत्या दारातच उभी राहिली. आयुष्यभर साऱ्या गावाचे निरोप हिच्या हातून गेले. हिच्यासाठी म्हणून त्या बोर्डावर कधी दिवा लागला असेल, असं मला तरी आठवत नाही.

ती परत येऊन भिंगरीशेजारी बसली. पदराने डोळे पुसले, चष्मा पुन्हा चढवला.

"काय म्हणाली वेणीचं?" ती म्हणाली. "परत वाच. आणि तिला लिही, लाइन माझ्यामुळे अडली होती. आता लागली."